डोळे ओळीवर, डोकं बंद

सीसॅटच्या पेपरमध्ये गोठलेला विद्यार्थी लांबून ओळखू येत नाही. तो पान उलटत नाही, पण इकडेतिकडे बघतही नाही. नजर प्रश्नपुस्तिकेवर असते, बोट उताऱ्याच्या ओळीखाली सरकत असतं आणि पाहणाऱ्याला वाटतं, वाचतोय. प्रत्यक्षात ते बोट तिसऱ्यांदा त्याच ओळीवरून जात असतं. ओळ संपते आणि काय वाचलं ते त्याला सांगता येत नाही. म्हणून तो पुन्हा वर जातो. आता त्याला शब्द दिसतात, पण वाक्य लागत नाही. मग घड्याळाकडे लक्ष जातं, छातीत धडधड सुरू होते आणि पुढचं वाचन आणखी उथळ होतं.

पुण्यातल्या एका अभ्यासिकेत रविवारी मी मुलांबरोबर उतारे सोडवायला बसते. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे सीसॅट, हाच आमचा विषय. इतिहास-भूगोलात गोंधळलेली मुलं मी पाहिली आहेत, पण उताऱ्यावर गोठणं वेगळं असतं. इतिहासात तारीख आठवली नाही तर मूल म्हणतं, माझं वाचायचं राहिलं होतं. उताऱ्यात आठवायचं काहीच नसतं. उत्तर समोर छापलेलं असतं, तेही मराठीत. तरीही कळत नाही म्हटल्यावर मनात येणारा विचार फार जिव्हारी लागणारा असतो: आपल्याला साधं वाचताही येत नाही. गोठण्याचं मूळ बहुतेक वेळा या विचारात असतं. उतारा तितका अवघड नसतोच.

त्या क्षणी शरीरात काय होतं ते माहीत असेल तर निम्मी भीती ओसरते. धोका जाणवला की अॅड्रेनलिन वाढतं, हृदयाची गती वाढते, श्वास वरच्यावर होतो आणि तळहाताला घाम सुटतो. पळायचं असेल किंवा झगडायचं असेल तर ही तयारी उत्तम. पण उतारा वाचताना वाक्याचा पहिला भाग मनात धरून दुसऱ्या भागाशी जोडावा लागतो. हे धरून ठेवण्याचं काम जिथे चालतं ती जागा छोटी असते, एका वेळी तिच्यात थोडंच मावतं. ‘वेळ चालला’, ‘बाकीचे पुढे गेले’, ‘या वर्षीही गेलं’ हे विचार तीच जागा अडवतात. शब्द एकेकटे कळतात, त्यांची जोडणी तेवढी होत नाही. तुमची मराठी कुठेही गेलेली नसते. थोडा वेळ जोडणीला जागा मिळत नसते, इतकंच.

म्हणूनच घाबरलेल्या माणसाने उतारा पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचणं हा सगळ्यात नैसर्गिक आणि सगळ्यात निरुपयोगी उपाय आहे. जागा अडलेली असताना त्याच दारातून पुन्हा शिरण्याचा प्रयत्न होतो आणि प्रत्येक फेरीला दोन मिनिटं जातात.

मराठवाड्यातून आलेली एक मुलगी आमच्याकडे सराव करायची. घरी बसून सोडवलेल्या उताऱ्यांत ती पाचपैकी चार प्रश्न हमखास बरोबर आणायची. घड्याळ लावून पूर्ण पेपर दिला की मात्र पहिल्या अमूर्त उताऱ्यावर ती अडायची. एका रविवारी तिच्याबरोबर तिचा पेपर उलगडून बसले. पहिल्या उताऱ्याच्या कडेला तिने पेनाने इतके ठिपके काढले होते की कागद खरवडला होता. त्या एका उताऱ्यावर चौदा मिनिटं गेली होती. शेवटी गणिताचे सोपे प्रश्न बघायलाही वेळ उरला नव्हता, आणि ते तिला उत्तम यायचे.

मी तिला तोच पेपर दोन दिवसांनी घड्याळाशिवाय पुन्हा सोडवायला सांगितला. ही तपासणी प्रत्येकाने आधी करावी असं माझं ठाम मत आहे. घड्याळ नसताना तोच उतारा नीट सुटला, तर अडचण घाबरण्याची आहे. घड्याळ नसतानाही पाचातले तीन प्रश्न चुकले, तर अडचण वाचनाची आहे, आणि तिथे श्वासाचे व्यायाम कितीही केले तरी गुण वाढणार नाहीत. तिथे रोज एक अग्रलेख सावकाश वाचून प्रत्येक परिच्छेदाचा आशय एका वाक्यात लिहिण्याचा सराव लागतो. या मुलीचे पाचही प्रश्न बरोबर आले. तिचं दुखणं कळलं.

“ताई, मग मी करू काय? तिथे बसल्यावर मला हे काहीच सुचत नाही,” ती म्हणाली.

तिचं म्हणणं बरोबर होतं. गोठलेल्या अवस्थेत उपाय शोधता येत नाही, तो आधीच ठरलेला लागतो. आम्ही ठरवलं ते असं.

पहिली गोष्ट, थांबायचं कधी याची खूण. “घाबरल्यासारखं वाटलं की” ही खूण चालत नाही, कारण थोडी भीती परीक्षेत सगळ्यांनाच असते आणि थोडी असलेली बरीही असते. खूण अशी हवी की तिच्यावर वाद होऊ नये. आमची खूण होती: एकच ओळ दुसऱ्यांदा वाचूनही अर्थ लागला नाही, की पेन खाली. तिसऱ्यांदा वाचायचं नाही.

पेन खाली ठेवल्यावर पावलं जमिनीवर पूर्ण टेकवायची, पाठ बाकाला लावायची आणि श्वास सोडायचा. घ्यायचा नाही, आधी सोडायचा. घाबरलेला माणूस ‘दीर्घ श्वास घे’ म्हटलं की छाती फुगवून भराभर श्वास घेतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात आणि भीती आणखी वाढते. आराम मिळतो तो उच्छ्वासात. श्वास बाहेर जाताना हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्यापेक्षा लांब ठेवायचा. मनात चार मोजेपर्यंत नाकाने आत, सहा ते आठ मोजेपर्यंत सावकाश बाहेर. मध्ये रोखून धरायची गरज नाही. असे चार श्वास. सगळं मिळून पाऊण मिनिट जातं.

पाऊण मिनिट ऐकून मुलं दचकतात. दोन तासांच्या पेपरात ते कुठून आणायचं? मी त्यांना वरचा हिशोब दाखवते. त्या मुलीची चौदा मिनिटं एका उताऱ्यावर गेली होती. त्यातली सात-आठ तर नुसती वरखाली वाचण्यातच गेली असणार.

श्वासाने धडधड कमी होते, पण तेवढ्याने उतारा कळत नाही. इथे बरेच सल्ले संपतात आणि विद्यार्थी शांत मनाने पुन्हा त्याच पहिल्या ओळीवर जाऊन अडतो. म्हणून दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो: उताऱ्यात परत शिरायचं कुठून.

सरावासाठी मी लिहिलेला एक छोटा उतारा इथे देते. परीक्षेत यापेक्षा लांब असतो, पण जात हीच असते.

“स्वातंत्र्य म्हणजे बंधनांचा अभाव, असे मानणे सोयीचे असले तरी ते अपुरे आहे. कारण बंधनांचा अभाव केवळ संधीचा अवकाश निर्माण करतो. त्या अवकाशात कृती करण्याची क्षमता मात्र तो देत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याच्यासाठी ग्रंथालयाचे उघडे दार हे स्वातंत्र्याचे रूप असले तरी स्वातंत्र्याचा अनुभव नव्हे. म्हणून क्षमता निर्माण करणारी काही बंधने, उदाहरणार्थ सक्तीचे शिक्षण, स्वातंत्र्याच्या विरोधात नसून त्याची पूर्वअट ठरतात.”

आणि प्रश्न: उताऱ्यानुसार कोणती विधाने योग्य आहेत? अ) बंधने नसणे एवढेच स्वातंत्र्यासाठी पुरेसे नाही. ब) सर्व बंधने स्वातंत्र्याला पूरक असतात. क) सक्तीच्या शिक्षणाने स्वातंत्र्याचा संकोच होतो.

गोठलेल्या माणसाला पहिल्या दोन ओळींत धरायला काहीच सापडत नाही. ‘अभाव’, ‘अवकाश’, ‘क्षमता’, सगळे हवेतले शब्द. त्याने पहिल्या ओळीवर झगडत बसू नये. नजर खाली सरकवून डोळ्यांसमोर चित्र उभं राहील असं एक तरी वाक्य शोधावं. इथे ते ग्रंथालयाचं आहे. उघडं दार आहे, समोर वाचता न येणारा माणूस उभा आहे. दार उघडं असून त्याला उपयोग नाही. एवढं समजायला कसलीही विद्वत्ता लागत नाही आणि घाबरलेल्या अवस्थेतही ते समजतं. त्या वाक्याशेजारी पेनाने दोन शब्द लिहायचे: ‘दार उघडं, उपयोग नाही’.

आता तिथून दोन वाक्यं वर जायचं. ‘संधीचा अवकाश’ म्हणजे ते उघडं दार, ‘क्षमता’ म्हणजे वाचता येणं. जी वाक्यं मघाशी भिंतीसारखी उभी होती ती उलगडतात. मग ग्रंथालयाच्या वाक्याच्या खालचं वाक्य: ‘म्हणून’ने सुरू होतंय, म्हणजे लेखक निष्कर्ष सांगतोय. वाचायला शिकवायचं तर शिक्षण सक्तीचं करावं लागतं, आणि ती सक्ती स्वातंत्र्याच्या आड येत नाही. पहिली ओळ आता सगळ्यात शेवटी वाचायची. ती आपोआप कळते.

विधानांकडे या. अ हा पहिल्या ओळीचाच आशय आहे, योग्य. क हे शेवटच्या ओळीच्या थेट उलट आहे, अयोग्य. ब फसवतं. उताऱ्यात ‘काही बंधने’ आहे, विधानात ‘सर्व’. आणि ‘काही’लाही अट जोडलेली आहे, क्षमता निर्माण करणारी. म्हणून फक्त अ. घाईत वाचणारा ब ला बरोबर म्हणतो, कारण उताऱ्याचा एकूण सूर बंधनांच्या बाजूचा वाटतो. ‘सर्व’, ‘केवळ’, ‘नेहमी’, ‘कधीच’ असे शब्द विधानात दिसले की त्यांच्याभोवती गोल करायचा आणि उताऱ्यात तेवढाच जोर आहे का ते पाहायचं. या कामाचा आणखी एक फायदा आहे. गोल करणं, दोन शब्द लिहिणं ही हाताची कामं आहेत. हात हलायला लागला की मन काळजीवरून उठून कागदावर येतं. मुलांना मी उगीच रेघा ओढू देत नाही, कारण सगळ्याच ओळींखाली रेघ असेल तर ती भीतीची रेघ असते. पण वाक्याशेजारी दोन स्वतःचे शब्द लिहायचे तर ते वाक्य समजावंच लागतं.

हे करूनही उतारा नाहीच उलगडला तर तो सोडायचा. हे वाक्य लिहायला सोपं आहे, परीक्षेत अमलात आणायला अवघड, म्हणून त्यामागचा हिशोब घरी एकदा स्वतःच्या हाताने करून पाहावा. पेपरात 80 प्रश्न, प्रत्येकाला अडीच गुण, एकूण 200. निर्णयक्षमतेचे प्रश्न सोडले तर चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा एक चतुर्थांश वजा होतो. हा पेपर आता फक्त पात्रतेचा आहे, म्हणजे 33 टक्के, अर्थात 66 गुण मिळाले की झालं. समजा तुम्ही 48 प्रश्न सोडवले, त्यातले 32 बरोबर आले आणि 16 चुकले. बरोबरचे 80 गुण, त्यातून वजा 10, उरले 70. तुम्ही पात्र झालात, आणि 32 प्रश्नांना तुम्ही हातही लावलेला नाही. एका उताऱ्यावर साधारण पाच प्रश्न धरले तर तीन अख्खे उतारे सोडूनही भरपूर जागा उरते.

पूर्वी या पेपरचे गुण मुख्य परीक्षेसाठीच्या निवडीत धरले जायचे, तेव्हाच्या मुलांवर एकेका उताऱ्याचं ओझं होतं. आजच्या मुलांवर ते नाही, पण भीती मात्र तशीच वारशाने आलेली दिसते. मोठ्या दादा-ताईंचे सल्ले ऐकताना ते कोणत्या काळातले आहेत हे विचारून घ्यावं.

सोडायची वेळही आधी ठरलेली असावी. उतारे साधारण दहा धरा आणि प्रत्येकी सात मिनिटं, म्हणजे सत्तर मिनिटं. उरलेली पन्नास गणित, बुद्धिमत्ता आणि निर्णयक्षमतेच्या प्रश्नांना. दोन मिनिटं वाचन, पाच मिनिटं प्रश्न. सात मिनिटं झाली आणि पाचातले दोन प्रश्नही सुटले नाहीत तर प्रश्नपुस्तिकेवर त्या उताऱ्याच्या क्रमांकाला मोठी फुली मारायची आणि पुढे जायचं. परत यायचं की नाही हे शेवटी बघू.

उतारा सोडून पुढे गेल्यावर एक खरा धोका असतो आणि तो मनाचा नाही, उत्तरपत्रिकेचा आहे. सहा ते दहा हे प्रश्न सोडले आणि अकराव्याचं उत्तर सहाव्या गोलात काळं झालं, की तिथून पुढचं सगळं पाच-पाच घरं सरकतं. हे सहसा गोठून बाहेर आल्यावर, घाईच्या पहिल्या मिनिटातच होतं. म्हणून उत्तर आधी पुस्तिकेत पर्यायावर खूण करून ठेवायचं आणि एका उताऱ्याची पाचही उत्तरं झाली की मग एकदम गोल भरायचे, प्रत्येक गोलाआधी प्रश्नक्रमांक ओठांत पुटपुटून. त्या मुलीला आम्ही हे आधी कागदाच्या चिठोऱ्यांवर करायला लावलं, मग छापील नमुना उत्तरपत्रिकेवर.

उतारे कोणत्या क्रमाने घ्यायचे, याबद्दलही. पुस्तिकेतला पहिला उतारा पहिला सोडवलाच पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. सुरुवातीची तीन मिनिटं उतारे न वाचता फक्त चाळायची. ज्यात माणसं, ठिकाणं, आकडे, प्राणी, यंत्रं दिसतील ते आधी. ज्यात ‘वाद’, ‘मूल्य’, ‘तत्त्व’ यांची गर्दी असेल ते नंतर. आणि सगळ्यात आधी निर्णयक्षमतेचे प्रश्न, जे पुस्तिकेच्या शेवटी येतात. त्यांना नकारात्मक गुण नसतात आणि रोजच्या व्यवहारातल्या प्रसंगावर असल्यामुळे ते वाचताना डोकं आपसूक सैल होतं. बहुतेक मुलं ते शेवटच्या चार मिनिटांत कसेबसे उरकतात. मला हे नुकसानीचं वाटतं.

दोन पेपरांच्या मधली दुपारही मला महत्त्वाची वाटते. सकाळी सामान्य अध्ययनाचा पेपर होतो आणि सीसॅट दुपारी असतो. मधल्या वेळात केंद्राबाहेर झाडाखाली घोळके जमतात आणि सकाळच्या पेपरची उत्तरं पडताळली जातात. कुणीतरी छातीठोकपणे सांगतं की अमक्याचं उत्तर तीनच, आणि तुमचं दोन असतं. तो माणूस चुकीचाही असू शकतो, पण तुम्ही दुपारी त्याचं वाक्य डोक्यात घेऊन वर्गात जाता. गोठलेल्या मुलांशी बोलताना ही गोष्ट वारंवार निघते. त्या दुपारी घोळक्यापासून लांब बसावं, हलकं खावं, पाणी प्यावं आणि एका कागदावर मनातली काळजी सरळ लिहून काढावी. काय वाटतंय, कशाची भीती आहे, नापास झालो तर घरी काय होईल, सगळं. शिकागो विद्यापीठातल्या गेरार्डो रामिरेझ आणि सिअन बायलॉक यांनी 2011 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याबद्दलचे प्रयोग मांडले होते. परीक्षेआधी दहा मिनिटं अशी काळजी लिहून काढल्यावर, एरवी खूप घाबरणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. सगळ्यांनाच सारखा उपयोग होतो असं नाही, न घाबरणाऱ्यांना तर गरजही नसते. पण कागद आणि दहा मिनिटं एवढंच लागतं, आणि वर्गात जाताना तो कागद बाहेर ठेवायचा असतो.

यातलं काहीही पहिल्यांदा परीक्षा केंद्रावर करून चालत नाही. त्या मुलीकडून आम्ही गोठण्याचाच सराव करून घेतला. रविवारी दुपारी, जेवणानंतर, पंख्याच्या आवाजात, पेपरचा पहिला उतारा मुद्दाम सगळ्यात जड निवडून. तिने अडायचं, पेन ठेवायचं, चार श्वास, चित्र दिसेल असं वाक्य, शेजारी दोन शब्द. सुरुवातीला ती श्वास मोजताना डोळ्यांच्या कोपऱ्यातून घड्याळ बघायची. मग मी घड्याळ तिच्या मागे ठेवलं आणि वेळ मीच सांगू लागले. काही आठवड्यांनी तिच्या पेपरवर कडेचे ठिपके दिसेनासे झाले आणि त्यांच्या जागी वाक्यांशेजारी तिच्या बारीक अक्षरातले शब्द दिसायला लागले. एका उताऱ्याला मोठी फुली होती. तो तिने साडेसहा मिनिटांत सोडला होता.

काही मुलांचं एवढ्यावर भागत नाही. परीक्षा महिनाभर लांब असतानाही झोप लागत नाही, पेपरच्या विचाराने उलटी होते, वर्गात श्वास अडकून बाहेर पळावं लागतं, असं वारंवार होत असेल तर हा उताऱ्याच्या सरावाचा विषय उरत नाही. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञ किंवा समुपदेशक लागतो. टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मी हा क्रमांक अभ्यासिकेच्या फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवते आणि बाकी फळा पुसला तरी तो पुसू देत नाही.